बिल झाल्यावर भाव उतरला तर?



गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या दोघींनी शिलाई मशीन घ्यायचे ठरवले. दुकान एकच, मशीनही एकाच जातीची. कर सोडून किंमत पंधरा हजार. तेव्हा शिलाई मशीनवर बारा टक्के जीएसटी होता, म्हणजे अठराशे रुपये. एकूण 16,800.

मग 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. शिलाई मशीनवरचा कर बारावरून पाच टक्के होणार होता, पण 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून. त्यानंतर तेच मशीन 15,750 ला. फरक एक हजार पन्नास रुपयांचा. आमच्याकडे तेवढ्यात चार ब्लाउजांची शिलाई होते, तेव्हा दोघींच्याही जिवाला लागले.

पहिलीने ही बातमी कानावर येण्याआधीच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पैसे भरून बिल घेतले आणि मशीन रिक्षातून घरी आणले. 22 तारखेनंतर ती दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, “वैनी, बिल झाला, आता माका काय करूक येवचा नाय.” तिला वाटले, हा आपल्याला फसवतो. पण तो खरे बोलत होता. तो कर त्याला सरकारात भरायचाच होता. आधी न ठरलेली सूट बिलानंतर दिली, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यावरचा कर कमी होत नव्हता. ते पैसे त्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागले असते. म्हणून तिथे हक्क सांगता येत नाही, विनंती करता येते. आम्ही सगळ्या मिळून गेलो, तेव्हा त्याने सुयांची दोन पाकिटे आणि एकदा फुकट सर्व्हिसिंग दिले. ते आम्ही आनंदाने घेतले.

दुसरीची गोष्ट वेगळी. तिने ऑगस्टमध्ये दोन हजार आगाऊ दिले होते. हाती नुसती पावती होती, बिल नव्हते. मशीन कुडाळहून आले ते दसऱ्याच्या आधी, तेव्हाच बिल झाले आणि बाकीचे पैसे दिले. तरी बिल आले 16,800 चेच. का, तर “बुकिंग जुने आहे.” हे मात्र चूक होते.

कायदा तीन तारखा बघतो: माल कधी दिला, बिल कधी केले, पैसे कधी मिळाले. तिन्हींपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला, तो कर. हिचा माल 22 नंतरचा आणि बिलही नंतरचे, म्हणून आगाऊ रक्कम आधी दिली असली तरी पाच टक्केच लागायला हवे. आम्ही पावती आणि बिल शेजारी ठेवून दाखवले. दुकानदाराने आपल्या हिशेबनीसाला फोन लावला आणि बिल दुरुस्त करून 1,050 रुपये परत दिले. उलट, बिल आणि पूर्ण पैसे आधीचे असते व फक्त मशीन उशिरा आले असते, तर जुनाच कर लागला असता.

एक लक्षात ठेवा. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानाच्या बिलावर कर वेगळा दाखवलेला नसतो. तिथे हा हिशेब मांडता येत नाही.

आता कराशिवाय नुसताच भाव उतरला तर? सेल लागला म्हणून फरक परत द्यावा, असे कोणताही कायदा सांगत नाही. दुकानाची तशी हमी असेल तर ती बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलेली वस्तू अजून निघाली नसेल, तर ऑर्डर रद्द करून नव्या भावाने मागवता येते. वस्तू घरी आली असेल, तर परत करायची मुदत आणि अटी आधी वाचा. खोका फोडून वापरलेली वस्तू बहुधा घेत नाहीत, आणि काही वस्तू फक्त बदलून मिळतात, पैसे मिळत नाहीत.

कूपनचेही तसेच. पैसे भरण्याआधी शेवटची रक्कम बघा. कमी झालेली दिसत नसेल तर तिथेच थांबा. बहुतेकदा किमान खरेदीची रक्कम भरत नाही, नाहीतर ते कूपन ठराविक बँकेच्या कार्डापुरतेच असते. अटी पुऱ्या असूनही कूपन बसत नसेल, तर जाहिरातीचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. ऑर्डर रद्द केली तर एकदाच चालणारे कूपन परत मिळेलच असे नाही, ते आधी विचारून घ्या.

जाहीर केलेली सूट नाकारली, किंवा कर जास्त लावून दुकान ऐकत नसेल, तर आधी लेखी तक्रार दुकानाकडे करा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ते दुकानाला हुकूम देत नाहीत, मध्यस्थी करतात. तिथेही निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही.

आमची दुसरी मैत्रीण जिंकली ती दोन हजारांच्या पावतीवर तारीख होती म्हणून. ती पावती तिने तांदळाच्या डब्यात जपली होती. तुमचीही जपा.