हिरवा बटाटा, कोंब आलेला कांदा : फोटो पाहून काय ओळखावे, काय शिजवावे
(आकाशवाणीवरील शेती कार्यक्रमातील भाषण)



मागच्या आठवड्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरून एका मावशींनी पुतण्याच्या मोबाईलवरून मला एक फोटो पाठवला. टोपलीत नऊ बटाटे आणि चार कांदे. खाली विचारलं होतं, "साहेब, आरणीतला शेवटचा माल आहे. कोंब आलेत, काही हिरवे दिसतात. उद्या घरात कार्य आहे. भाजीला घेऊ का टाकून देऊ?"

फोटो पाहून मी लगेच 'घ्या' म्हणालो नाही आणि 'टाका' असंही म्हणालो नाही. टोपली हिरव्या शेडनेटखाली ठेवली होती, त्यामुळे बटाटेच काय, कांदे आणि टोपलीसुद्धा हिरवट दिसत होती. शिवाय निम्म्या बटाट्यांवर माती होती. अशा फोटोवरून निर्णय देणं म्हणजे अंधारात बैल पारखण्यासारखंच. मी त्यांना कळवलं, "मावशी, बटाटे धुवा, पुसा. ओसरीवर दिवसाच्या उजेडात, पण उन्हात नको, पांढऱ्या कापडावर मांडा. ज्यांचा संशय येतो ते मधोमध कापा आणि पुन्हा फोटो काढा."

दुसरा फोटो आला आणि चित्र स्पष्ट झालं. पण ते सांगण्याआधी बटाटा हिरवा का होतो ते समजून घेऊ.

बटाटा हे मूळ नाही, ते जमिनीतलं फुगलेलं खोड आहे. खोडाला उजेड मिळाला की त्यात हरितद्रव्य तयार होतं. हा हिरवा रंग स्वतः विषारी नाही. पालेभाजीत तोच असतो. पण ज्या उजेडानं बटाटा हिरवा होतो, त्याच उजेडानं त्यात सोलॅनिनसारखी कडू, विषारी द्रव्यंही वाढतात. म्हणून हिरवा रंग ही धोक्याची खूण समजायची. ही द्रव्यं सगळ्यात जास्त कोंबात असतात, त्याखालोखाल डोळ्याभोवती आणि सालीत. आतल्या पांढऱ्या गरात ती फार कमी असतात. भर कमी पडून सरीबाहेर उघडा राहिलेला बटाटा, आरणीच्या कडेचा पाला उडाल्यानं उजेड लागलेला बटाटा आणि दुकानात दिव्याखाली पडून राहिलेला बटाटा, तिन्हींची गत एकच.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे विष उकळून जात नाही, तळूनही पुरतं जात नाही. "चांगला शिजवला म्हणजे झालं" हा समज चुकीचा आहे. विष कमी होतं ते सुरीनं, चुलीनं नव्हे.

1969 साली लंडनमधल्या एका शाळेत दुपारच्या जेवणानंतर 78 मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटात कळा. सतरा मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. चौकशीत संशय बटाट्यावर आला. सुट्टीच्या आधीपासून पडून राहिलेलं एक पोतं स्वयंपाकात वापरलं गेलं होतं. मुलं पुढे बरी झाली. बटाटे शिजवलेलेच होते, हे ध्यानात घ्या.

आता मावशींच्या दुसऱ्या फोटोकडे येऊ.

पाच बटाटे टणक आणि स्वच्छ होते. ते नेहमीसारखे वापरायचे.

दोन बटाट्यांना ज्वारीच्या दाण्याएवढे कोंब होते, पण बटाटा टणक, साल ताठ आणि हिरवेपणा कुठेच नाही. त्यांचे कोंब मोडून टाकायचे, प्रत्येक डोळा सुरीच्या टोकानं खोलवर कोरून काढायचा, साल जाड काढायची आणि मग शिजवायचे.

एका बटाट्यावर रुपयाच्या नाण्याएवढा हिरवा डाग होता. पहिल्या फोटोत तो मातीखाली झाकलेला होता, धुतल्यावर दिसला. कापल्यावर हिरवेपणा सालीखाली थोडाच गेलेला दिसला. डाग आणि त्याच्याभोवतीचा थोडा पांढरा गरही काढून टाकला, तर उरलेला बटाटा मोठ्या माणसांना चालेल. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात मात्र तो वाढू नका.

नववा बटाटा बहुतेक हिरवा, सुरकुतलेला आणि बोटाएवढे कोंब आलेला. तो खायचाच नाही. त्याचा एखादा तुकडा वाचवण्याचा मोहही नको.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे. कांद्यात सोलॅनिन नसतं. कोंब आला म्हणजे तो पात काढायला लागला, एवढंच. उन्हानं वरचे पापुद्रे हिरवट झाले तरी अपाय नाही, चव थोडी उतरते. मावशींचे तीन कांदे कोंबासह चिरून भाजीत घालण्यासारखे होते. चौथ्याची मान काळी दिसत होती. फोटोत एवढंच कळतं, म्हणून मी तो दाबून आणि वास घेऊन बघायला सांगितलं. मान मऊ निघाली, वास आंबट होता. तो टाकला. काळी बुरशी फक्त वरच्या सुक्या पापुद्र्यावर असेल तर पापुद्रा काढून, धुऊन कांदा वापरता येतो. ती आत शिरली असेल तर नाही.

फोटोला मर्यादा आहेत. त्यात बटाटा टणक आहे की लिबलिबीत ते कळत नाही, वास येत नाही. लाल सालीच्या बटाट्यात हिरवेपणा दिसत नाही, तिथे नखानं साल खरवडून बघा. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो. आपटलेल्या बटाट्यात हिरवा रंग नसतानाही कडू द्रव्यं वाढू शकतात. म्हणून मसाला घालण्याआधी उकडलेल्या बटाट्याचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला किंवा घशात जळजळ झाली, तर थुंका आणि तो बटाटा बाजूला करा. मसाल्यात कडवटपणा लपतो. मात्र जो बटाटा डोळ्यांनी बाद ठरला, त्याची चव घेऊन खात्री करत बसू नका.

खाण्यात आलाच आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, डोकेदुखी, चक्कर सुरू झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि उरलेला बटाटा दाखवायला सोबत न्या.

मावशींनी शेवटी विचारलं, "मग हिरवे म्हशीला घालू का?" नको. हिरव्या साली आणि कोंब जनावरालाही अपायकारकच. पण निरोगी हिरवा बटाटा वाया जात नाही. हिरवट झालेला, आखूड जाड कोंबांचा बटाटा बेण्याला चांगला. तो वेगळ्या पोत्यात ठेवा. उलट, औषध लावलेलं बेणं उरलं म्हणून घरात किंवा बाजारात खाण्यासाठी कधीही आणू नका. ते धुऊनही खाण्याजोगं होत नाही.

पुढच्या वेळी आरण लावाल तेव्हा कडेला पाला दाबून घाला आणि आठवड्यातून एकदा फट पडली का ते बघा. घरात बटाटा पोत्यात, अंधारात आणि हवेशीर जागी ठेवा, आणि कांदा त्याच्यापासून वेगळा, कोरड्या जागी ठेवा. बटाट्याच्या ओलाव्यानं कांदा लवकर सडतो.

मावशींच्या कार्यात आठ बटाटे आणि तीन कांदे चुलीवर गेले. नाणेभर डाग होता त्या बटाट्याची भाजी त्यांनी वेगळी केली आणि ती मोठ्यांनीच खाल्ली.

रामराम.