तोंडात तीन बोटं



शाळेत असताना माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही अशी बाईंची तक्रार होती. पुढे मी लोकांची तोंडं उघडायला लावणारा दंतवैद्य झालो. आज बोलायचं आहे ते उघडत नसलेल्या तोंडाबद्दल.

आपल्याच वर्गातला एक मित्र दवाखान्यात आला. त्याच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. तक्रार काय, तर मिसळ सोसत नाही! पंचवटीत वाढलेला माणूस, आणि रश्श्याच्या पहिल्या घोटाला तोंडाची आग. ॲसिडिटी समजून वर्षभर त्याने गोळ्या खाल्ल्या. त्याने तंबाखूला कधी हात लावला नव्हता. फक्त सुगंधी सुपारी, दिवसाला सात-आठ पुड्या. "सुपारीने काय होतंय?" हे त्याचंच वाक्य.

गालाच्या आत पाहिलं तर गुलाबी अस्तर पांढुरकं पडलं होतं. बोट फिरवलं तर आत ताणलेल्या दोऱ्या लागत होत्या. पुढच्या दातांमधलं अंतर साधारण ४० मिलिमीटर हवं. त्याचं २४ भरलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात आणि गाल आखडतो. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली छापलं आहे. विड्यात तंबाखू पडली की धोका आणखी वाढतो. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, तर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागले; मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे आलं, एवढंच.

मित्राने सुपारी सोडली. गालात इंजेक्शनं घेतली, तोंड उघडायचा व्यायाम रोज केला. सहा महिन्यांत आग बरीच कमी झाली, पण तोंड २९ वरच थांबलं. साचलेले तंतू पूर्ण विरघळवणारं औषध नाही. म्हणून तो दर तीन-चार महिन्यांनी तपासून घेतो.

आता बसल्या जागी करून पाहा. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. जात नसतील तर दाखवून घ्या. कारण अक्कलदाढेचं किंवा जबड्याच्या सांध्याचंही असू शकतं, ते तपासल्यावर कळेल. घरी आरशासमोर बॅटरी घेऊन गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा पाहा. तंबाखूचा बार जिथे धरता, ती जागा आधी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. गरज वाटली तर डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती खोटी.

मी बॅटरी आणली आहे. जेवणानंतर शेवटच्या बाकावर बसतो. तिथे बसायची सवय आहेच. आणि हो, जेवणानंतरच्या विड्यांत सुपारी नाही. ते काम माझं. संयोजकांना बोलू नका.