टेपरेकॉर्डरचं उणे एक

यवतमाळच्या आमच्या घरी अब्बांचा एक टेपरेकॉर्डर होता. त्यावर तीन आकड्यांचं छोटंसं मीटर होतं. ते ००० वर आणून टेप जराशी मागे घेतली की ९९९ उमटायचं. मला वाटे, मशीन चुकलं. खरं तर ते उणे एक होतं. ९९७ म्हणजे उणे तीन. तिथून पाच घरं पुढे गेलं की ००२ येतं. चौथ्या आकड्याला जागाच नाही, म्हणून हातचा गळतो आणि उत्तर बरोबर निघतं.

संगणकाजवळ फक्त शून्य आणि एक. उणे चिन्ह लिहायचं कुठे? चार घरं घेऊ. पहिलं घर चिन्हाला दिलं, तर ००११ म्हणजे तीन आणि १०११ म्हणजे उणे तीन. वाचायला सोपं. पण पाचात उणे तीन मिळवताना आधी चिन्हं पाहायची, मोठा कोण ते ठरवायचं, मग वजा करायचं. बेरीज करणाऱ्या मंडलाला तेवढी जादा जोडणी लागते. शिवाय ०००० आणि १००० अशी शून्यं दोन.

दुसरी रीत सगळे आकडे उलटवण्याची. उणे तीन म्हणजे ११००. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेलं सीडीसी ३६०० हे यंत्र ऋण संख्या अशाच मांडत असे. फक्त त्याची घरं ४८ होती. इथे ०१०१ मध्ये ११०० मिळवले की ०००१ उरतं आणि हातचा एक बाहेर पडतो. तो फेकायचा नाही, उजव्या टोकाला परत मिळवायचा. तेव्हा ००१०, म्हणजे दोन, येतात. बेरजेला हा एक जादा फेरा. आणि ११११ हे इथलं उणे शून्य. कवीला ते आवडेल, पण दोन संख्या सारख्या आहेत का, हे तपासणाऱ्याची पंचाईत होते.

आता उलटवून त्यात एक मिळवा. उणे तीन झाले ११०१. ०१०१ मध्ये ते मिळवले की ००१० येतं आणि हातचा सरळ सोडून द्यायचा. आमच्या टेपचीच रीत! बेरजेचंच मंडल वजाबाकीही करतं. शून्य एकच. आज संगणक पूर्णांक असेच ठेवतात.

चौथी रीत प्रत्येक संख्येत आठ वाढवून ठेवण्याची. उणे आठ ०००० होतात, शून्य १००० होतं. लहान-मोठं ओळखणं सोपं, पण बेरजेत आठ दोनदा येतात, एकदा काढावे लागतात. म्हणून ती दशांश संख्यांच्या घातांकापुरती राहिली.

पहिल्या दोन रीतींत उणे सातपासून सातपर्यंत जाता येतं. नंतरच्या दोन्हींत एक शून्य वाचल्यानं उणे आठही मिळतात. पण तिसरीत त्यांना जोडीदार नाही. १००० उलटवून एक मिळवा, पुन्हा १०००च. सातात एक मिळवला तरी तेच, उणे आठ! दोन धन संख्यांची बेरीज ऋण दिसली, की समजावं, घरं कमी पडली.