ईसीजी कशासाठी?

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आता सुई न टोचता, फक्त गोळ्यांनी साधारण सहा महिन्यांत उपचार होतात. केंद्र सरकारने 2024 मध्ये त्याला मान्यता दिली. यातल्या बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या गोळ्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून अधूनमधून ईसीजी काढतात.

समजा, या गोळ्या घेणाऱ्या मेहकरकडच्या एका शेतमजुराला उलट्या-जुलाब झाले. गावातल्या डॉक्टरांनी ओन्डान्सेट्रॉन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. ही औषधंही ठोक्यांवर तोच परिणाम करतात. त्यात जुलाबाने अंगातलं पोटॅशियम उतरलेलं. ईसीजीवर ‘क्यूटीसी’ हा आकडा 510 आला. 500 च्या वर धोका! डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासतात, कोणती गोळी थांबवायची ते ठरवतात. रुग्णाने मनाने डोस सोडू नये.

चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पायांना मुंग्या आल्या, नजर अंधुक झाली, तर बहुधा ते याच उपचारातल्या लिनेझोलिड गोळीमुळे. तेही त्याच दिवशी सांगा.

घरच्यांनो, सोंगणीच्या दिवसांत तारीख हुकते. ईसीजीची तारीख तुम्ही ध्यानात ठेवा, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.