खूण कापडाची, खूण फोटोतली

आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या घरांत इरकल ओळखीची आहे. ती येते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून. पूर्वी दुकानदार साडी पसरून दाखवायचा, आता तिचा फोटो मोबाइलवर येतो आणि फोटोत साडीवर एक टॅग लटकलेला असतो. तो टॅग कसा वाचायचा, एवढंच आज मला सांगायचं आहे.

हँडलूम मार्क केंद्र सरकारने 2006 साली सुरू केला. त्याचं काम मुंबईची वस्त्र समिती पाहते. ताणा आणि बाणा एकमेकांत गुंफून झालेला घन, अशी ती खूण आहे. नोंदणी केलेल्या विणकराला किंवा संस्थेला ही लेबलं मिळतात आणि प्रत्येक लेबलवर स्वतंत्र क्रमांक असतो. माझ्या मते या लेबलमधली मोलाची गोष्ट क्रमांकच आहे. खुणेचं चित्र कुणीही छापून घेईल, पण क्रमांकामुळे कापडाला जबाबदार कोण हे शोधता येतं. सिल्क मार्क याहून वेगळा. तो रेशमाच्या शुद्धतेबद्दल बोलतो; साडी हातमागावरची की यंत्रमागावरची, याबद्दल काही सांगत नाही. विक्रेते दोन्ही खुणा एकाच अर्थाने दाखवतात, तेव्हा सावध व्हा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, भालकीच्या एका बाईंना निळ्या आणि हिरव्या अशा दोन इरकलींचे फोटो आले. दोन्हींवर हँडलूम मार्क आहे आणि खाली विणकर सोसायटीचं कागदी लेबल. बाईंनी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले, तर क्रमांक एकच. लेबलाचा वरचा कोपरा दोन्हींकडे सारखाच दुमडलेला, दोऱ्याची गाठही तशीच. म्हणजे एकतर एकच टॅग साडीवरून साडीवर फिरतो आहे, नाहीतर त्याच चित्राच्या प्रती निघाल्या आहेत. दोन्ही प्रकारांत तो क्रमांक त्या कापडाचा राहत नाही.

नकली लेबलच्या आणखी खुणा जवळून घेतलेल्या फोटोत दिसतात. विणलेल्या लेबलची अक्षरं धाग्यांच्या पायऱ्यांनी बनतात, त्यांच्या कडा किंचित दातेरी असतात. मूळ लेबलचा फोटो काढून तो पुन्हा छापला, की धाग्यांच्या जागी शाईचे बारीक ठिपके येतात आणि अक्षरांभोवती धूसर कड राहते. लेबलवर होलोग्राम असेल, तर त्याची नक्कल सपाटच असते. टॅग हलवत काढलेला छोटा व्हिडिओ मागवा. खऱ्या होलोग्रामचे रंग सरकतात, छापलेल्याचे जागच्या जागी राहतात. सोसायटीचा शिक्का कापडावरच मारलेला असेल, तर त्याची शाई धाग्यांच्या वळणाने पसरलेली दिसते. वर चिकटवलेल्या चित्रात तशी दिसत नाही. मात्र व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो इतका दाबला गेलेला असतो की खरं लेबलही धूसर दिसतं. तेव्हा धूसरपणावरून कुणाला खोटं ठरवू नका, मूळ फोटो मागवा.

एवढ्यानेही भागत नाही. खरा टॅग यंत्रमागाच्या साडीला बांधला तर? तिथे कापडाकडेच पाहावं लागतं, आणि इरकल त्यासाठी उपकारक आहे. तिच्या मधल्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात. दोन्हींची टोकं वेटोळ्यांनी एकमेकांत अडकवतात, त्या जोडणीला कोंडी म्हणतात. म्हणून निळ्या साडीच्या लाल पदरात निळा ताणा शिरत नाही. पदर सुरू होतो तिथे वेटोळ्यांची बारीक, किंचित उठावदार ओळ दिसते. अनुकरणाच्या साडीत बहुधा ताणा एकच असतो, पदराला फक्त बाणा बदललेला. त्यामुळे लाल रंगाखालून निळा डोकावतो आणि लाल मळकट दिसतो. हे फोटोतही कळतं, फक्त पदराची सुरुवात नीट टिपलेली हवी. उलट अनुमान मात्र काढू नका. हातमागाच्या इतर कित्येक साड्यांना कोंडी नसते, त्यामुळे नारायणपेठीला ही कसोटी लावणं विणकरावर अन्याय होईल.

म्हणून त्या बाईंनी विक्रेत्याकडे एकच फोटो मागावा. त्यात टॅग, त्याचा वाचता येणारा क्रमांक आणि पदराचा जोड एकाच चौकटीत असावेत, टॅग दोऱ्याने कापडाला बांधलेला दिसावा. विक्रेता टॅगचा वेगळा आणि साडीचा वेगळा फोटो पाठवत राहिला, तर त्या दोहोंचा संबंध सिद्ध होत नाही. सोसायटीच्या नावाचं लेबल असेल तर गाव आणि नोंदणी क्रमांक वाचून सोसायटीला फोन करावा, अशी साडी तुमच्याकडे विणली जाते का, असं विचारावं. सोसायटीच्या माणसांना आपला पदर आणि आपला काठ ओळखता येतो.

आणि बिल घेताना टॅगचा क्रमांक त्यावर लिहून मागावा. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही ठरावीक वाणं हातमागासाठी राखून ठेवली आहेत, 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पण तक्रार करायची तर हातात कागद लागतो, आणि क्रमांक नसलेल्या बिलावरून कोणती साडी कोणाची, हे कुणालाच दाखवता येत नाही.