करंट खात्यात नेमके किती पैसे ठेवायचे?

आजचा प्रश्न सरळ आहे. छोट्या धंद्याने करंट खात्यात किती पैसे ठेवायचे आणि किती लिक्विड फंडात टाकायचे? खात्यात व्याज शून्य. फंडात समजा वर्षाला ७.३ टक्के मिळतात. पण पैसे इकडून तिकडे हलवायला दर वेळी ४०० रुपये खर्च येतो, अकाउंटंटचा वेळ धरून.

आधी सोपी केस घेऊ. रोज बरोबर १०,००० रुपये जातात, म्हणजे वर्षाला ३६.५ लाख. विल्यम बॉमोल यांचं १९५२ चं सूत्र असं:

```
C = √(2 × 400 × 3650000 / 0.073) = 200000
```

म्हणजे दर २० दिवसांनी फंडातून २ लाख काढायचे. ताळा करून बघा. खात्यात सरासरी १ लाख पडून राहतात, त्यावर बुडालेलं व्याज ७,३०० रुपये. वर्षात सव्वाअठरा वेळा पैसे काढले, त्याचा खर्चही ७,३०० रुपये. दोन्ही सारखे आले की एकूण खर्च सगळ्यात कमी असतो.

पण खरं सांगायचं तर रोज एकसारखा खर्च होतो कुठे? आज ३०,००० येतात, उद्या १५,००० जातात. यासाठी मिलर आणि ऑर यांनी १९६६ मध्ये तारखेऐवजी मर्यादा दिल्या. खालची मर्यादा आपण ठरवायची, समजा ४०,०००. रोजच्या चढउताराचं प्रमाण विचलन १२,००० आहे. मग:

```
Z = 40000 + ∛(3 × 400 × 12000² / (4 × 0.0002)) = 100000
H = 3 × 100000 − 2 × 40000 = 220000
```

आता फक्त दोन `if` उरले. शिल्लक २.२ लाखांवर पोचली की १.२ लाख फंडात टाका. ४०,००० वर आली की ६०,००० काढा. दोन्ही वेळा परत यायचं १ लाखावरच. मधे काहीच करायचं नाही. १ लाख हा मध्यबिंदू नाही, खालच्या बाजूला आहे, कारण पडून असलेल्या पैशावर व्याज बुडतं.

इथे एक जागा सांभाळा. विचलन रोजचं आहे, तर व्याजही रोजचंच हवं: ७.३ भागिले ३६५, म्हणजे ०.०२ टक्के. चुकून वार्षिक ०.०७३ टाकलं, तर घनमूळ ६०,००० ऐवजी साधारण ८,४०० येतं. ते एका दिवसाच्या चढउतारापेक्षाही कमी! मग दर एक-दोन दिवसांनी पैसे हलवायचे आणि दर वेळी ४०० मोजायचे. तुमचं उत्तर असं दिसलं, तर आधी एककं तपासा.

आणि पगार, जीएसटी यांच्या तारखा आधीच माहीत असतात. ती रक्कम वेगळी काढून मगच विचलन मोजा. हे मॉडेल अंदाज न येणाऱ्या चढउतारासाठी आहे. ठरलेला पगार त्यात धरला, तर मर्यादा उगाच फुगतात.