झोपेची गोळी सोडताना

वर्षानुवर्षे रोज रात्री घेतलेली अल्प्राझोलामची गोळी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टर अनेकदा रुग्णाला हळूहळू डायझेपामवर आणतात, कारण ते शरीरात जास्त काळ टिकतं. समजा, डोस 10 मिलिग्रॅम झाला. पहिली पायरी 9 ची : पाचची एक गोळी, दोनच्या दोन. दोन ते चार आठवड्यांनी 8.

प्रत्येक कपातीनंतर काही दिवस झोप उडते, जीव घाबरतो, हात थरथरतात, भांड्यांचा आवाजही सहन होत नाही. याचा अर्थ जुना आजार उलटला असाच नव्हे. बहुधा हा त्रास ओसरतो. तोवर त्याच डोसवर थांबावं. मात्र भास, गोंधळलेपण किंवा फिट आली, तर तडक रुग्णालय गाठा.